मदत हवी आहे: गार्ड रिंग असूनही पावसाळी हवेत ४० पिकोअँपिअर लीकेज

फोटोडायोडसाठी ट्रान्सइम्पिडन्स अँप केलाय, LMC6001 डिप पॅकेजमध्ये, फीडबॅक १ गिगाओहम, सप्लाय ±५ व्होल्ट. डायोड काढून ठेवला तरी दमट हवेत आउटपुट +४० मिलिव्होल्ट, म्हणजे ४० पिकोअँपिअर, आणि ते बहुतेक पिन ४ च्या -५ व्होल्टकडे जातायत (१२५ गिगाओहम, बोर्डाच्या मानाने काहीच नाही म्हणा). आयपीएने धुऊन हेअर ड्रायर मारला की २ मिलिव्होल्टवर येतं, तासाभरात परत वर, म्हणून आयसी खराब वाटत नाही.

पिन २ भोवती ग्राउंडला जोडलेली रिंग दोन्ही बाजूंना आहे, पण माझ्याच चुकीने तिच्यावर सोल्डर मास्क राहिलाय आणि फीडबॅक रेझिस्टरच्या दोन पॅडमधून ती गेलेलीच नाही. बोर्ड नवीन काढता येणार नाही. मास्क खरवडून तांबं उघडं केलं तर पुरेल, की पिन २ आणि रेझिस्टरचं टोक उचलून हवेतच जोडावं लागेल?