नोकरी बदलतोय, पीएफ काढू की ट्रान्सफर करू?

पेडणेकर: वेर्ण्याच्या एका कंपनीत 3 वर्षं 10 महिने काढले. सोमवारपासून फोंड्याला दुसरीकडे रुजू होतोय. पीएफमध्ये 2 लाख 60 हजार आहेत. पावसाआधी कौलं बदलायला 80 हजार हवेत. कर्ज नको, बाबा ओरडतात. काय करू?

म्हापशेकर: सगळे काढ आणि मोकळा हो! मी काढले, स्कूटर घेतली. 15जी फॉर्म भरला, कराचा एक पैसा कापला नाही.

हिशेबनीस: कापला नाही म्हणजे कर लागला नाही असं नव्हे. 15जी फक्त ज्याचं उत्पन्न करपात्र नाही त्यानेच भरायचा. पेडणेकर, पाच वर्षं पूर्ण होण्याआधी काढलेत तर 10 टक्के, म्हणजे 26 हजार आधीच कापतील, आणि वर्षाच्या हिशेबात कर जास्त निघाला तर वरचा वेगळा. ट्रान्सफर केलेत तर जुनी सेवा धरली जाते, आणखी 14 महिन्यांत पाच वर्षं होतात. शिवाय नव्या ठिकाणी पीएफ लागू असेल तर सगळा पैसा काढताच येत नाही, तो नोकरी नसणाऱ्यासाठी.

सत्तरीकर: ग्रॅच्युइटी मिळाली का पण? माझ्या भावाला नाही दिली. कंपन्या सगळ्या सारख्या.

हिशेबनीस: ते वेगळं प्रकरण हो.

डिचोलीची_वहिनी: ट्रान्सफर नका करू! माझे पेन्शनचे पैसे बुडाले. नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य.

हिशेबनीस: वहिनी, बुडाले नाहीत. पेन्शनची रक्कम सरकतच नाही, फक्त सेवेचा काळ जोडला जातो. 10 वर्षं भरली की पेन्शन रकमेवर नाही, सेवेच्या वर्षांवर आणि पगारावर ठरते. पोर्टलवर Service History मध्ये दोन्ही नोकऱ्या दिसतात का बघा.

डिचोलीची_वहिनी: एकच दिसते.

हिशेबनीस: मग तुमचे दोन यूएएन, म्हणजे पीएफचे दोन क्रमांक, झाले असतील. आधी ते जुळवा.

म्हापशेकर: एवढं लफडं करण्यापेक्षा स्कूटर बरी.

सत्तरीकर: ट्रान्सफरच कर रे. वहिनींसारखं होऊ नये म्हणून.

हिशेबनीस: आणि एक. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली का, हे आजच पाहा. नसेल तर ट्रान्सफर तिथेच अडकतो. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी Mark Exit मधून स्वतः टाकता येते.

पेडणेकर: पाहिलं, तारीख रिकामी आहे. एचआर फोन उचलत नाही. ठरवलंय, पीएफ आहे तिथेच राहू दे. स्वयंपाकघरावरचीच कौलं बदलतो, बाकी ताडपत्री.

हिशेबनीस: राहू दे, व्याज चालू राहील. पण ती तारीख नोंदली गेल्यावर ट्रान्सफर टाकाच, नाहीतर पाच वर्षांत जुनी सेवा मोजली जाणार नाही.

म्हापशेकर: ताडपत्री कुठली घेणार? माझी दोन वर्षांत फाटली.