साहेब ओळखतात, मग बायोडाटा कशाला?

पाळधीचा पोरगा: जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाईपच्या कारखान्यात एक्सट्रूजनला शिफ्ट इन्चार्ज आहे. आमच्याच क्वालिटीत जागा निघाली. तिथले साहेब ओळखीचे, म्हणाले, "अर्ज टाक, बाकी बघतो." एचआर नवा बायोडाटा मागतंय. जागेला प्लॅस्टिकचा डिप्लोमा हवा, माझा आयटीआय. लिहीत बसण्यात अर्थ आहे का?

खान्देशी खाक्या: काही अर्थ नाही भो. माणूस ठरतो, मग जागा निघते. कागद फक्त फायलीला.

धुळ्याची ताई: गोम त्या फायलीतच आहे. मी एचआरमध्येच आहे. आयएसओ ९००१ घेतलेल्या कारखान्याला त्या कामासाठी माणूस सक्षम असल्याचा लेखी पुरावा ठेवावा लागतो. ऑडिटर फाईल उघडतो तेव्हा साहेब तुला किती ओळखतात हे त्यात कुठं दिसणार?

शिवाय मुलाखतीला साहेब एकटे नसतात. "लाईन तीन सांभाळतो" हे त्यांना कळेल, मला नाही. त्याऐवजी असं लिही: "आयएस ४९८५ च्या पाईपचा बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी शिफ्टमध्ये मोजून नोंदवतो, जाडी एका बाजूला कमी आली तर डायचे सेंटरिंग बोल्ट जुळवून पुन्हा मोजतो." ही क्वालिटीच्या कामाशी जुळणारी ओळ झाली. उत्पादनाचे टनावारी आकडे इथं कमीच ठेव.

रिव्हर्जन, इम्पॅक्ट या चाचण्या स्वतः केल्या असशील तरच "केल्या" लिही. नमुना कापून लॅबला दिला असेल तर तेवढंच. साहेब नेमकं तिथंच विचारतील, कारण तू काय करतोस ते त्यांनी पाहिलंय.

आयटीआय ट्रेडसकट लिही, "डिप्लोमा समकक्ष" वगैरे नको. अनुभवावर सूट मिळते का ते अर्जाआधी विचार. मिळत असेल तर साहेबांनी ती लेखी मागावी. ओळखीचा खरा उपयोग तो.

खान्देशी खाक्या: आमच्याकडे एकाने अस्संच झकास लिहिलं होतं. जागा भलत्यालाच गेली.

धुळ्याची ताई: जाते, नाही कशाला म्हणू. पण डिप्लोमाची अट आणि नुसता साहेबांचा शब्द, एवढ्यावर मी सही करणार नाही.

भुसावळवाले काका: बदली मागताय तर सिनिऑरिटी आधी बघा. आमच्या रेल्वेत स्वतःच्या विनंतीवर दुसऱ्या डिव्हिजनला गेलं की यादीत तळाला. मी म्हणूनच गेलो नाही.

धुळ्याची ताई: काका, याचं गाव बदलत नाही, खातं बदलतंय. पण ग्रेड तीच राहते का, हे विचारायलाच हवं.

पाळधीचा पोरगा: शिफ्टचे व्हर्निअर, मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला पाठवणं आणि त्यांच्या तारखा ठेवणं माझ्याकडेच आहे. लिहू?

धुळ्याची ताई: अरे, ते सगळ्यात वर घे! रजिस्टरवर तुझी सही असेल तर उत्तमच. तुझ्या आताच्या साहेबांना माहीत आहे ना?

पाळधीचा पोरगा: नाही अजून. सीझन चालू आहे, सोडणार नाहीत.

खान्देशी खाक्या: घ्या! मग रिलीजवर सही कोणाची घेणार भो?