हरवलेल्या चेकचं पत्र
‘माझा एक चेक हरवला आहे, तो कृपया लगेच थांबवा’ असं बँकेला लिहिलंय. जरा नीट करून द्याल का?

असं लिहा:

‘माझ्या बचत खाते क्र. … वरील चेक क्र. ०००४१७, दि. १२/०६/२०२५, रु. १८,५००/- (अक्षरी रुपये अठरा हजार पाचशे फक्त), … यांच्या नावे दिलेला, हरवला आहे. तो वटला नसल्यास त्याचे पेमेंट थांबवावे व सूचना नोंदवल्याची तारीख व वेळ कळवावी.’

‘वटला नसल्यास’ म्हटलं तरी आधी स्टेटमेंट बघाच, कारण वटलेला चेक थांबवता येत नाही.

खरी चूक होते ती क्रमांकात. चेक हातात नाही, म्हणून लोक पुस्तकातला पुढचा चेक बघतात आणि तळाच्या पट्टीतला नऊ अंकी एमआयसीआर कोड उतरवतात. चेक क्रमांक म्हणजे त्याच पट्टीतला डावीकडचा पहिला सहा अंकी गट. तिथे ०००४१८ दिसला तर हरवलेला ०००४१७, पण चेक क्रमाने फाडले असतील तरच. पुस्तकातल्या नोंदीशी ताडून घ्या. सुरुवातीची शून्यंही गाळू नका, सहाच्या सहा अंक लिहा.