मदत हवी आहे: भेटीची वेळ मागून आठवडा झाला, उत्तर नाही, आठवण कशी करून द्यावी?

दुसऱ्या विभागातल्या एका वरिष्ठ मॅडमकडे मेलवर वीस मिनिटांची भेट मागितली होती. आमच्या अहवालातल्या दोन आकड्यांना त्यांची संमती लागते. विषयाच्या ओळीत कारण लिहिलं होतं, अहवालही जोडला होता. आठवडा होत आला, उत्तर नाही. त्या रजेवर नाहीत. रजेचा आपोआप येणारा मेल आला नाही आणि बाकीच्यांना त्यांची उत्तरं जातायत. त्यांचा मोबाइल नंबर माझ्याकडे आहे, पण तशी ओळख नाही, म्हणून फोन टाळतोय. माझ्या साहेबांना मध्ये घातलं तर तक्रार केल्यासारखं दिसेल, तेही नको. अहवाल महिनाअखेरीस द्यायचा आहे, म्हणजे अजून दहाएक दिवस हातात आहेत.

जुन्या मेललाच उत्तर म्हणून हा मजकूर लिहून ठेवलाय:

"नमस्कार मॅडम, खालच्या मेलबद्दल पुन्हा लिहितोय. मंगळवारी सकाळी ११ किंवा गुरुवारी दुपारी ४ वाजता वीस मिनिटं जमतील का? भेट शक्य नसेल तर पान ४ वरचे दोन आकडे बरोबर आहेत एवढं मेलवर कळवलंत तरी माझं काम होईल."

"आपण व्यस्त असाल" आणि "कृपया लवकर कळवा" मुद्दाम गाळलंय. पहिल्यात टोमणा वाटतो, दुसऱ्यात घाई.

अडलंय ते शेवटच्या वाक्यापाशी. मेलवरच उत्तराचा पर्याय दिला तर भेट कायमची टळेल का? की आधी फक्त वेळा विचारून हा पर्याय पुढच्या मेलसाठी राखून ठेवावा?