मदत हवी आहे : हक्कसोडपत्रावरून होणाऱ्या भांडणाचा प्रसंग

माझ्या लघुपटात सदाशिव पेठेतले दिवंगत वडिलांचे घर विकण्यावरून भाऊ-बहिणीचे भांडण होते. घर वडिलांच्या स्वकमाईचे आहे, मृत्युपत्र नाही आणि आईही हयात नाही, त्यामुळे दोघांचा वाटा निम्मा-निम्मा आहे. तरीही भाऊ बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवतो. पहिल्या मसुद्यात ती लगेच हक्काची भाषा करत असे आणि पुढचे संवाद वकिली युक्तिवादासारखे कोरडे होत. म्हणून आता ती वडिलांच्या नावाचे वीजबिल उचलून, "दादा, हे नाव अजून का बदललं नाहीस?" एवढेच विचारते. मात्र त्यामुळे भाऊ खलनायक ठरतो, आणि ते मला मुळीच नको आहे, कारण वडिलांचे आजारपण त्यानेच काढले आहे. हे त्याने स्वतः बोलून दाखवावे, की गोळ्यांच्या डब्यावरील त्याच्या अक्षरातून प्रेक्षकांना कळावे?