चुकीच्या ग्राहकांना गेलेला ईमेल मागे घ्यायचाय, मजकूर नीट करायला मदत हवी

निळीशाई
माझ्या टीममधल्या नव्या मुलाकडून अर्ध्या तासापूर्वी, ११:४० ला, एका ग्राहकाचं दरपत्रक दुसऱ्याच तीन ग्राहकांना गेलं. पत्त्याची पहिली दोन अक्षरं टाकल्यावर जुना ग्रुप आपोआप आला आणि तसाच मेल सुटला. सोबतच्या एक्सेल फाइलमध्ये पहिल्या ग्राहकाला दिलेली सवलत आहे. आउटलुकमधून रिकॉल केलं, पण काही झालेलं दिसत नाही. आता त्याने हे लिहिलंय:

"सर प्लीज तो आधीचा मेल उघडू नका!! खूप मोठा घोळ झालाय, त्यात दुसऱ्या क्लायंटचा डिस्काउंट आहे. मी नवीन आहे, माझी नोकरी जाईल. फाइल डाउनलोड केलीत का सांगा ना. सॉरी सॉरी!!!"

हे असं मी जाऊ देणार नाही. याचं छोटं, व्यवस्थित पत्र कसं करावं?

कोरापाट
रिकॉल चालतं की. मेल सेंट आयटम्समधून डबल क्लिक करून उघडा, मग File > Info > Resend or Recall. समोरच्याने वाचला नसेल तर गायब होतो. आमच्या ऑफिसात मी केलंय.

जुनीटपाल
कोरापाट, तुमच्या ऑफिसात चाललं कारण मेल ऑफिसातल्याच माणसाला गेला होता. रिकॉल एकाच संस्थेच्या मेलबॉक्सपुरतं असतं. हे तीन ग्राहक बाहेरचे आहेत, त्यांच्या सर्व्हरवरून तुम्हाला काहीही काढता येत नाही. निळीशाई, पुन्हा रिकॉल करू नका. आउटलुकच्या जुन्या पद्धतीत बाहेरच्या माणसाला "मेल मागे घ्यायचा आहे" अशी सूचना तेवढी पोचते आणि त्याचं लक्ष नेमकं त्या मेलकडे जातं.

एक सांगा, फाइल जोडली होती की लिंक दिली होती? लिंक असेल तर आत्ताच तिची परवानगी काढून घ्या, फाइल उघडणारच नाही.

निळीशाई
जोडलेली आहे.

सायंतारा
जीमेलमध्ये अनडू येतं ना? मी कालच पाठवलेला एक मेल मला परत घ्यायचाय, तो कुठे दिसेल?

जुनीटपाल
सायंतारा, जीमेलचं अनडू म्हणजे मेल थोडा वेळ रोखून धरणं. सेटिंगमध्ये ५, १०, २० किंवा ३० सेकंद निवडता येतात. कालचा मेल गेला तो गेलाच.

निळीशाई, आता मजकुराकडे येऊ. त्या मुलाच्या मसुद्यातलं सगळ्यात घातक वाक्य माफीचं नाही, "त्यात दुसऱ्या क्लायंटचा डिस्काउंट आहे" हे आहे. ज्याने फाइल उघडली नव्हती तोही आता उघडेल. आत काय आहे त्याचा एक शब्दही नको. नोकरीचा उल्लेख काढा, ते ओझं ग्राहकावर टाकायचं नसतं. "उघडू नका" याला अर्थ नाही, एव्हाना कोणी उघडलाही असेल. जे अजून त्याच्या हातात आहे ते मागा: काढून टाका, पुढे पाठवू नका, कळवा.

जुन्या मेलला रिप्लाय करू नका, खाली सगळा मूळ मजकूर पुन्हा जातो. नवीन मेल करा, तिघांना वेगवेगळा. मूळ विषयात पहिल्या ग्राहकाचं नाव असेल तर तो विषयही लिहू नका, वेळेवरून ओळख पटते. आणि मेल तुमच्या नावाने जाऊ द्या, त्या मुलाच्या नको.

विषय: आज सकाळी ११:४० च्या ईमेलबाबत

नमस्कार,
आज सकाळी ११:४० वाजता आमच्याकडून आपल्याला एक ईमेल व सोबत फाइल आली. ती आपल्यासाठी नव्हती. आमच्या चुकीने आपल्या पत्त्यावर आली. कृपया ईमेल व फाइल पुढे न पाठवता काढून टाकावी आणि तसे केल्याचे मला कळवावे. ती आधीच कोणाला पाठवली गेली असल्यास तेही कळवावे.
झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत.
(नाव, हुद्दा, फोन)

कोरापाट
"पाठवली असल्यास कळवावे" हे जरा चौकशीसारखं वाटतं. मी असतो तर काढलं असतं.

जुनीटपाल
मी ठेवेन. फाइल पुढे गेली आहे का, हे विचारल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही. पाठवण्याआधी तुमच्या साहेबांना मात्र सांगा. ज्याचं दरपत्रक होतं त्या ग्राहकाला कळवायचं का, हा निर्णय आपण इथे धाग्यावर घ्यायचा नाही, साहेबांनी घ्यायचा.

निळीशाई
साहेबांना सांगून पाठवला, ते वाक्य ठेवून. दोघांचं "काढून टाकलं" असं उत्तर आलं. तिसऱ्यांकडून काहीच नाही. फोन करू का?

जुनीटपाल
करा, पण मेल मिळाला का आणि फाइल काढली का, एवढंच विचारा. "त्यात काय होतं?" असं ते विचारतील, तेव्हा "दुसऱ्या कामाची कागदपत्रं" इतकंच सांगा.

कोरापाट
मी उद्यापर्यंत थांबलो असतो. फोन केला की गोष्ट मोठी वाटते.

निळीशाई
साहेबही थांब म्हणतायत, पण पहिल्या ग्राहकाला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. कोणी अशा वेळी मूळ ग्राहकाला स्वतःहून कळवलंय का?