अर्जाचा ईमेल मंगळवारी सकाळी दहालाच पाठवायचा का?

कोरेगावकरीण (बुधवार, रात्री ९:४०)
डिप्लोमा मेकॅनिकल झालंय, साताऱ्याच्या एमआयडीसीत क्वालिटीत काम करते. आज संध्याकाळी भोसरीतल्या एका कंपनीची क्वालिटी इन्स्पेक्टरची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली. अर्ज फक्त ईमेलने. अंतिम तारीख नाही, "तातडीने पाहिजेत" एवढंच लिहिलंय. जो तो सांगतो, मंगळवारी सकाळी दहाला पाठवलेला मेल हमखास उघडला जातो. मग आत्ता पाठवू की पुढच्या मंगळवारपर्यंत थांबू?

विश्रामबागचे सर
थांबा. मी मुलांना नेहमी हेच सांगतो. सोमवारी साहेबलोकांच्या मेलबॉक्समध्ये आठवड्याचा ढीग असतो, शुक्रवारी दुपारनंतर कुणाचं लक्ष नसतं. मंगळवार ते गुरुवार, सकाळी नऊ ते अकरा, हीच वेळ. जीमेलमध्ये Schedule send आहे, आत्ताच लिहून ठेवा आणि मंगळवारी दहा टाका. रात्री पावणेदहाला नोकरीचा अर्ज पाठवणं बरं दिसत नाही.

कुपवाडची एचआर
सर, तुमच्या "मंगळवार ते गुरुवार"मधला गुरुवार भोसरीत बाद आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी प्लांट चालू. म्हणजे तिथला "सोमवार" शुक्रवारी येतो. आमच्याच ग्रुपचं एक युनिट तिकडे आहे. मी गुरुवारी काही पाठवलं की शुक्रवारपर्यंत पान हलत नाही, आणि रविवारी मात्र मलाच फोन येतात.

आता कोरेगावकरीण, तुझा हिशेब मांडते. जाहिरात बुधवारी संध्याकाळी फिरली. उद्या कंपनी बंद. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार हे त्यांचे कामाचे चार दिवस. तू मंगळवारी दहाला पाठवणार म्हणजे पाचव्या दिवशी. "तातडीने" लिहिलंय तिथे काय होतं ते सांगते. क्वालिटीच्या मॅनेजरला माणूस हवा असतो, तो रोज एचआरच्या केबिनमध्ये डोकावतो. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी आम्ही आलेले मेल एकत्र काढतो, जमतील ते दहा-बारा वेगळे करतो आणि त्याच संध्याकाळी फोन लावतो. त्यातून पाच-सहा जण मुलाखतीला आले की पुढचे मेल उघडायचं कारण उरत नाही. पहिल्या घाण्यात कुणी पसंत पडलं नाही तरच दुसरा घाणा. तुझा मंगळवार दुसऱ्या घाण्यातला.

वार बघायचाच असेल तर जाहिरात निघाल्यापासून *त्यांचे* कामाचे दिवस किती गेले ते मोजायचं. घड्याळात दहा वाजले की अकरा, त्याला फार अर्थ नाही.

वाईचे नाना
पोरी, शुक्रवारी पाठवणार असशील तर साडेदहा ते बारा टाळ. राहुकाळ आहे. मंगळवारचा राहुकाळ तीन ते साडेचार, म्हणजे सरांचे दहा चालतील.

पुण्यातला कराडकर
नाना, भोसरीच्या एचआरला राहुकाळ चोवीस तास असतो 😄

मी भरतीचंच काम करतो, पुण्यातल्या कंपन्यांना माणसं पुरवतो. लवकर पाठवण्याबद्दल ताईंशी सहमत, पण घड्याळ अगदीच सोडून देऊ नका. आमच्यातले अर्धेअधिक लोक मेल मोबाईलवर वाचतात, आणि मोबाईलवर सगळ्यात नवा मेल सगळ्यात वर असतो. सुट्टीनंतरच्या सकाळी मी बसमध्ये अंगठ्याने यादी सरकवत जातो. वरचे पंधरा-वीस नीट बघतो, खालचे "नंतर बघू" म्हणून राहतात. त्यामुळे आज रात्री पाठवलेला मेल शुक्रवारी सकाळी दीड दिवसाच्या गाळात असेल. त्यापेक्षा शुक्रवारी सकाळी साडेआठ-पावणेनऊला पाठव. त्यांचा पहिलाच दिवस, आणि तू वर दिसशील.

कुपवाडची एचआर
हे तुमच्यासारख्यांचं असेल, दादा, तुमच्याकडे दहा कंपन्यांचे मेल एकाच पेटीत पडतात. कारखान्यात अर्जांसाठी बहुतेक वेगळा पत्ता असतो, आणि तो कुणी बसमध्ये बघत नाही. मी टेबलावर बसून शोधाच्या चौकटीत पदाचं नाव टाकते, जे येतील ते सगळ्यात जुन्यापासून वाचते. कारण पहिला ज्याने पाठवला त्याला गरज जास्त, असा माझा समज आहे. चूक असेल, पण मी तसंच करते. त्यामुळे विषयात "Application for Quality Inspector" आणि आपलं नाव असायलाच हवं. नुसतं "Resume" लिहिलेला मेल राहुकाळात पाठवा नाहीतर अमृतसिद्धीला, माझ्या शोधात येतच नाही.

पुण्यातला कराडकर
म्हणजे तुम्ही खालून वाचता, मी वरून. मग पोरीनं काय करावं? तिला कुठे माहीत पलीकडे कोण बसलंय.

मिरजेचा सर्व्हरवाला
मेल सर्व्हर सांभाळतो म्हणून दोन गोष्टी सांगतो.

हा मंगळवार-दहा येतो कुठून? जाहिरातबाजीच्या मेलमधून. कंपन्या लाखो लोकांना ऑफरचे मेल पाठवतात, त्यात डोळ्याला न दिसणारं एक बारीक चित्र असतं. मेल उघडला की ते चित्र त्यांच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि तिकडे "उघडला" अशी नोंद होते. त्या नोंदींवरून कुठल्या वारी किती उघडले याचे तक्ते निघतात. पण 2021 पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची सोय आली. ती चालू असली की माणसाने मेलला हातही लावला नाही तरी चित्र आधीच ओढून घेतलं जातं. म्हणजे नोंदी फुगतात. आणि मुळात साड्यांच्या सेलचा मेल गिऱ्हाईक कधी उघडतं यावरून एचआर नोकरीचा अर्ज कधी उघडेल हे कसं कळणार? एचआरला तो मेल उघडण्याचा पगार आहे.

दुसरं, मिनिटांच्या हिशेबावर फार विसंबू नका. काही सर्व्हर अनोळखी पत्त्यावरून पहिल्यांदा आलेला मेल मुद्दाम "थोड्या वेळाने परत ये" म्हणून दारातून परत पाठवतात. स्पॅमवाले परत येत नाहीत, खरा सर्व्हर येतो. त्यात कधी दहा मिनिटं जातात, कधी तासाहूनही जास्त. पाठवणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. शिवाय Schedule send मध्ये जीमेल स्वतःच "उद्या सकाळी ८:००" सुचवतं आणि बरेच जण तेच दाबतात. आठच्या ठोक्याला सगळ्यांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा वेळ स्वतः निवडा. एकदा लावलं की फोन बंद असला तरी जीमेलच्या सर्व्हरवरून मेल जातो, आणि आधी लावून ठेवलेला होता हे समोरच्याला दिसत नाही.

द्राक्षबाग
इथे विचारतो, रागावू नका. जिल्ह्याच्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटी पदासाठी ईमेलने अर्ज मागवलेत. शेवटची तारीख शनिवार. मी शनिवारी सकाळी दहाला पाठवणार होतो, म्हणजे सगळ्यात वर दिसेल. बरोबर ना?

कुपवाडची एचआर
दादा, तुमचं प्रकरण अगदी उलटं आहे. अंतिम तारीख दिलेली असली की सगळे अर्ज तारीख उलटल्यावर एकदम काढतात, यादी करतात, छाननी करतात. तिथे वर दिसून उपयोग नाही. आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, शनिवारी बहुतेक ठिकाणी कुणी नसतं. जाहिरातीत "कार्यालयीन वेळेत" असे शब्द असतील तर शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहा हीच तुमची शेवटची वेळ समजा.

मिरजेचा सर्व्हरवाला
आणि शुक्रवारचीही वाट बघू नका. तुम्ही सगळी प्रमाणपत्रं स्कॅन करून जोडणार. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, पण जोडलेली फाईल वाटेत साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून 18 एमबीच्या पुढे धोका. समोरचा सर्व्हर 10 एमबीवरच अडवणारा असेल तर मेल परत येईल, आणि Mail Delivery Subsystem च्या नावाने इंग्रजी मजकूर तुमच्याच इनबॉक्समध्ये पडेल. तो दिसला तर फाईल बारीक करून पुन्हा पाठवायला हाताशी दिवस पाहिजे.

द्राक्षबाग
बत्तीस एमबी झालीय. बघतो.

विश्रामबागचे सर
गुरुवारच्या सुट्टीचा मुद्दा मान्य. पण सगळ्याच कंपन्या भोसरीत नसतात. हिंजवडीतल्या आयटीला शनिवार-रविवार सुट्टी, तिथे शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला मेल सोमवारच्या ढिगात जातोच. तिथे माझा मंगळवार चालतो.

पुण्यातला कराडकर
चालतो, जाहिरात सोमवारी निघाली असेल तर. बुधवारी निघालेल्या जाहिरातीला पुढच्या मंगळवारपर्यंत थांबवणं तिथेही महागात पडतं. आयटीत तर बऱ्याचदा अर्ज सिस्टिममध्ये जातो, तिथे इनबॉक्सच नसतो.

कोरेगावकरीण
थांबत नाही. पण सुट्टी गुरुवारीच आहे हे खात्रीने कसं कळणार? आणि माझी सेकंड शिफ्ट आहे, घरी यायला साडेबारा होतात. मध्यरात्री पाठवलेला अर्ज खरंच वाईट दिसतो का?

कुपवाडची एचआर
गूगल मॅपवर कंपनीच्या नावाखाली वेळा असतात, पण त्या बऱ्याचदा कुणी तरी ठोकून दिलेल्या. गेटचा नंबर मिळाला तर सिक्युरिटीला विचार, "दादा, साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी?" तो लगेच सांगतो. एचआरला फोन करून हे विचारू नकोस.

मध्यरात्रीचं म्हणशील तर शिफ्टमधली माणसं रात्रीच पाठवतात, मला त्यात काही वाटत नाही. क्वालिटीवाल्याला शिफ्टची सवय आहे हेच कळतं.

पुण्यातला कराडकर
मला वाटतं. रात्री एकला माझा फोन टिंग करतो आणि सकाळी मी त्या मेलकडे चिडूनच बघतो. ताई मोठ्या मनाच्या आहेत, सगळे नसतात. Schedule send फुकट आहे, वापर की.

वाईचे नाना
साडेआठ उत्तम. राहुकाळाच्या दोन तास आधी.

कोरेगावकरीण (गुरुवार, दुपारी १:१५)
गेटवर फोन लागला, आज बंदच आहे, उद्या सकाळी आठला जनरल शिफ्ट. उद्या ८:३५ लावलंय. विषयात पदाचं नाव, माझं नाव आणि "Satara". सीव्ही एकच पीडीएफ, एक एमबीच्या आत. उत्तर आलं नाही तर किती दिवसांनी विचारायचं?

कुपवाडची एचआर
रविवारी. तुला सुट्टी असेल, त्यांना नाही. दुपारी तीननंतर फोन कर, सकाळी प्रॉडक्शनची मीटिंग असते. मेलवर विचारायचं असेल तर नवा मेल लिहू नकोस, पाठवलेल्यालाच रिप्लाय कर, म्हणजे सीव्ही त्याच साखळीत खाली राहील.

पुण्यातला कराडकर
रविवार फार लवकर होतो, ताई. दोनच दिवस झालेले असतील. मी तर सोमवारी सांगेन.

कुपवाडची एचआर
सोमवारपर्यंत मुलाखतीची यादी लागलेली असते, दादा.